कॅमेऱ्यावरचं बेसन

फ्रिजवर एक फोन ठेवलेला आहे, त्याला कोणी हात लावायचा नाही, असा हुकूम मी घरात काढला होता. घरात होतं कोण? मी एकटा. हुकूम काढणारा मी आणि पाळणाराही मीच.

फोन माझ्या बायकोचा. ती थंडीत गेली. सांभारवड्या करता करता ओट्यापाशी खाली बसली, संध्याकाळी दवाखान्यात सगळं संपलं. आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात, आणि थंडीत सांभार स्वस्त झाला की घरात वड्या होणारच. त्या दिवशीही एका हाताने वड्या वळत होती आणि दुसऱ्या हातात फोन होता. हैदराबादला नोकरीला असलेल्या आमच्या मुलीशी बोलणं चालू होतं. बोलणं म्हणजे कॉल नाही. ती बोलून पाठवायची. चॅटमधला तो माइक अंगठ्याने दाबून धरायचा, बोलायचं, अंगठा सोडला की मेसेज गेला. टाइप करायला तिला कधी जमलंच नाही, कारण हात कायम कशात तरी बरबटलेले.

मी रडलो नाही. आधीच सांगून ठेवतो, नाहीतर लोक वाट बघत बसतात. तिलवाऱ्याच्या घाटावर नर्मदेत अस्थी सोडल्या तेव्हाही नाही. पुलावरून नागपूरकडे ट्रक चालले होते आणि मी ते बघत उभा होतो. माझा धाकटा भाऊ पाठीवर हात ठेवून म्हणाला, "दादा, रडून घे, मोकळं वाटेल." मी म्हटलं, "तू गाडी कुठं लावली? चालान फाटेल." तो गाडी बघायला गेला. मला काही होतच नव्हतं. दात काढायच्या आधी डॉक्टर इंजेक्शन देतो आणि गाल आपला वाटत नाही, तसं अख्खं अंग झालं होतं. भूक लागायची, जेवायचो. झोप यायची, झोपायचो. सकाळी आमच्या भागात, राइट टाउनला, स्टेडियमभोवती फेऱ्या मारायचो, ओळखीच्या लोकांना "सब ठीक" सांगायचो. खोटं नव्हतंच ते.

मुलगी होळीनंतर सुट्टी काढून आली. नवीन फोन घेऊन आली, खोक्यात.

"हा कोणासाठी?" मी विचारलं.

"आईच्या फोनसाठी. बाबा, तो जुना वाला कधीपण बंद पडेल. त्याच्या आधी चॅट याच्यात घ्यायच्या आहेत. आईचे सगळे मेसेज."

"तुझ्या फोनात आहेत नं ते? तुलाच तर पाठवायची ती."

तिने खोकं टेबलावर ठेवलं. मग एकदम हिंदीवर गेली. इकडे हिंदी मुलखात वाढलेली पोर, रागावली की ती हिंदीत जाते, मराठी तिला रागासाठी पुरत नाही. "बाबा, मेरा फोन तो ऑटो में गया था ना, दिवाली के पहले. भूल गए? उसके पहले का कुछ नहीं है मेरे पास. और जो बाद का है, वो बस कुछ हफ्तों का है. बॅकअप किसने बंद करवाया था?"

मी बंद करवला होता. त्याची मला अजूनही लाज वाटत नाही. माझी उभी नोकरी संरक्षण खात्याच्या कारखान्यात गेली. गेटवर फोन जमा करायचा, पितळी बिल्ला घ्यायचा, सुटल्यावर बिल्ला देऊन फोन घ्यायचा. पहिल्या दिवशी साहेबाने जे सांगितलं ते शेवटच्या दिवसापर्यंत डोक्यात राहिलं. आतली गोष्ट बाहेर जाता कामा नये. जिथं ती वस्तू आहे तिथंच ती असली पाहिजे, तिची दुसरी प्रत कुठं फिरता कामा नये. कारखान्यातल्या माणसांच्या प्रत्येक घरात हा रोग आहे. आमचे एक शेजारी तर किराण्याची चिठ्ठीसुद्धा फाडून टाकायचे. मी स्वतः अजून बटणाचा फोन वापरतो. बायकोला आणि मुलीला स्मार्टफोन घेऊन दिले ते याच अटीवर, की ते चॅट-बिट आकाशात कुठं साठवायचं नाही. सेटिंगमध्ये जाऊन मीच बसून बंद केलं होतं. बायको म्हणाली होती, "अहो, मी वांग्याची भाजी कशी केली हे सांगून राहिली तिला. ते कोण चोरून नेईल?" मी म्हटलं होतं, "सवय ती सवय."

तर आता हिशेब असा होता. मुलीच्या फोनात काही आठवड्यांचं सोडलं तर काही नाही. आकाशात काही नाही. माझ्या फोनात तर कधीच नव्हतं, बटणाच्या फोनावर काय येणार? बायकोचा बाकी सगळा आवाज या जगात एकाच ठिकाणी होता, फ्रिजवर. आणि तो फोन मरायला टेकला होता. चार्जरची पिन ढिली, वायर जरा हलली की चार्जिंग तुटायचं, आणि वायर काढली की थोड्याच वेळात स्क्रीन काळी. मी तो रोज चार्जिंगला लावून ठेवत होतो, आणि तिच्या नंबरचा रिचार्जही चालू ठेवला होता. सिम माझ्याच नावावर होतं. रिचार्ज का चालू ठेवला होता ते मला विचारू नका.

मुलगी म्हणाली, "आधी दुकानात दाखवू. पिन ठीक झाली तर काम आरामात होईल."

मी फोन उचलला. उचलला म्हणजे कसा, दोन बाजूंनी कडेला धरून. पाठीला हात लावला नाही. एका स्टीलच्या डब्यात खाली रुमाल घालून त्यावर ठेवला. मुलगी हसली. "बाबा, बॉम्ब आहे का?" तिला वाटलं कारखान्याची सवय. मी डब्याला झाकण लावलं.

स्कूटरवर मागे बसून तिने तो डबा मांडीवर धरला. दुकान राइट टाउनमध्येच, कोचिंग क्लासच्या खाली. दुकानदाराने डबा उघडला, फोन बघितला आणि पहिलं काम काय केलं? स्प्रेची बाटली आणि फडकं हातात घेतलं.

"हात मत लगाना!" मी ओरडलो.

दुकानात दोन पोरी कव्हर बघत होत्या, त्या दचकून बाजूला झाल्या. दुकानदार म्हणाला, "अंकल, साफ कर रहा हूँ बस. पीछे कितना चिकना हो गया है."

"चिकना है तो रहने दो. पिन देखो."

त्याने पिन बघितली. म्हणाला, पिन बदलायला फोन खोलावा लागेल, पण फोन जुना आहे, खोलताना स्क्रीन गेली तर आपली जबाबदारी नाही. "इससे अच्छा अंकल, मैं अभी क्लाउड में डाल देता हूँ. बाद में जिसमें चाहो उतार लो."

"क्लाउड नहीं."

"क्यों?"

"क्योंकि नहीं."

मुलीने डोळे फिरवले. स्कूटरवर परत येताना मागून म्हणाली, "बाबा, आता तरी काहून हट्ट करून राहिले? आई गेली. आता काय सीक्रेट आहे?"

 खरं सांगायचं तर हट्टसुद्धा मनापासून नव्हता. तोंडातून 'नाही' निघायची सवय, ते निघत होतं.

घरी आल्यावर मात्र तीच म्हणाली, "चला, तुमच्या पसंतीचंच करू. एक तरीका आहे. क्लाउडशिवाय. या फोनातून डायरेक्ट त्या फोनात."

"वायर लावून?"

"वायर नाही. दोघांचं वायफाय आपसात जोडतात. नवा फोन एक कोड दाखवतो, जुन्याने तो स्कॅन करायचा. मग मेसेज इथून तिथं जातात, बस. बाहेर कुठंच कॉपी राहत नाही. आपल्या घरी राऊटर नसला तरी चालतं."

"मध्ये कोणी ऐकू शकतो?"

"नाही बाबा. बंद पाकिटात जातात. त्या कोडमुळेच तर दोघं एकमेकांना ओळखतात."

मला ते पटलं. थोडं कौतुकही वाटलं. कारखान्यात माल एका वर्कशॉपमधून दुसऱ्या वर्कशॉपमध्ये जायचा तेव्हा देणारा आणि घेणारा समोरासमोर उभे राहायचे, मध्ये तिसरा माणूस नसायचा. कोणीतरी डोकं असलेल्या माणसाने केलं असेल हे.

जेवणाच्या टेबलावर बसलो. दुपार होती, पंखा चालू, बाहेर भाजीवाल्याचा भोंगा. मुलीने टेबल पुसलं आणि दोन्ही फोन शेजारी ठेवले. जुना फोन चार्जरला लावला आणि ती वायर नीट बसेपर्यंत मी धरून ठेवली. सोडली की चार्जिंग जायचं. म्हणून मग मी धरूनच बसलो.

"तुम्ही हेच करा," मुलगी म्हणाली. "हलू नका."

जुना फोन उघडायला स्क्रीनवर बोटाने नक्षी काढावी लागायची. ती मला ठाऊक होती, कारण मीच लावायला लावली होती. मग मुलीने आतून सेटिंग, चॅट, ट्रान्सफर असं करत नेलं. तिथं फोन एकामागोमाग परवानग्या मागायला लागला. लोकेशन चालू करा. जवळचे डिव्हाइस शोधू द्या. कॅमेरा वापरू द्या. बायकोच्या फोनात सगळं बंद, अर्थातच. मी प्रत्येकाला "काहून पाहिजे त्याला?" विचारत होतो आणि ती "बाबाऽ" म्हणून दाबत होती. तिसऱ्या वेळी मी विचारणं सोडलं. घराची सगळी दारं उघडून टाकल्यासारखं वाटत होतं, पण आत चोरण्यासारखं होतं काय?

नव्या फोनात तिने स्वतःच्या फोनाचं नेट देऊन ॲप टाकलं, आईचा नंबर घातला. पडताळणीचा आकडा जुन्या फोनवर मेसेजने आला, सिम त्यातच होतं म्हणून. रिचार्ज चालू ठेवला नसता तर तो आला नसता, आणि सगळं तिथंच अडलं असतं, असं मुलगी म्हणाली. माझ्याकडे बघून म्हणाली. मी वायरकडे बघत होतो.

"आता नीट ऐका," ती स्वतःलाच सांगत होती. "हा विचारेल, जुन्या फोनातून चॅट आणायच्या का. इथं चुकून स्किप दाबलं तर रिकामा उघडेल." तिने जपून 'सुरू करा' दाबलं. नव्या फोनच्या स्क्रीनवर तो काळा-पांढरा चौकोन आला. रांगोळीचे ठिपके कोणीतरी विस्कटून टाकावेत तसा. जुन्या फोनवर कॅमेऱ्याची खिडकी उघडली.

तिने जुना फोन उचलला. मी वायर धरून तिच्याबरोबर हात वर नेला. तिने फोन कोडवर धरला.

काही झालं नाही.

तिने जवळ नेला, लांब नेला. तिरका केला. खिडकीत चौकोन दिसत होता, पण धुक्यात दिसावा तसा, पांढुरका आणि पसरलेला.

"बाबा, फोकसच होत नाही. कॅमेरा गेला का याचा?"

मला माहीत होतं काय झालंय ते. 

तिने फोन उलटा केला. "अरे, हे काय आहे? कॅमेऱ्यावर तर पूर्ण..." तिने नखाने जरा खरवडलं. पिवळसर, वाळलेला, तेलकट डाग. भिंगावर आणि भिंगाच्या खाली पाठभर. त्यात बोटाच्या रेषा उमटलेल्या होत्या.

"थांब," मी म्हटलं.

"काय झालं?"

"पुसू नको."

"बाबा, पुसल्याशिवाय स्कॅन कसं होईल?"

मी म्हटलं, "ते बेसन आहे."

तिने नख मागे घेतलं. मग तिच्या लक्षात आलं. चेहऱ्यावरून कळलं मला. मी तो फोन डब्यात का नेला, दुकानात का ओरडलो, पाठीला हात का लावू देत नव्हतो, सगळं एकदम. वड्या करताना तिच्या आईने फोन उचलला होता. बेसनाने आणि तेलाने भरलेल्या हाताने. अंगठा पुढे माइकवर आणि बोटं मागे. घरातलं बाकी सगळं धुऊन झालं होतं. तिच्या साड्या माझ्या भावजयीने धुतल्या, ओटा कोणीतरी घासला, चादरी बदलल्या. मी बघत उभा होतो, मला काही वाटलंही नाही. नंतर एकदा फ्रिजवर हा फोन दिसला, उलटा पडलेला, आणि त्यावर तिची बोटं. ती कोणी धुतली नव्हती.

"फोटो काढते त्याचा," मुलगी म्हणाली. आवाज बारीक झाला होता तिचा. "मग पुसू?"

"फोटोत काय दिसणार? डाग दिसेल."

"मग काय करायचं, बाबा? तुम्हीच सांगा. हे ठेवायचं की आवाज?"

आता बघा, मी नोकरीभर किती निर्णय घेतले, तोफेच्या गोळ्याच्या साच्यात केसभर फरक आला तर अख्खा लॉट नापास केला आहे मी, साहेबाचं न ऐकता. आणि इथं एका बोटाच्या ठशावर माझी मती बंद. वायरवर धरलेला हात दुखायला लागला होता. नव्या फोनवरचा कोड माझी वाट बघत होता. मुलीकडे बघितलं. ती रडत होती, पण आवाज न करता. तिच्यासाठी तो सगळा आवाज त्या फोनात होता. नोकरी लागल्यापासूनचा. पहिल्यांदा तिला एकटीला ताप आला तेव्हाचा, भात कसा लावायचा तेव्हाचा. तिची आई तिच्याशी जे काही बोलली ते. माझ्याशी बोललेलं त्यात एक अक्षरही नव्हतं. मला ठेवायला तो डागच होता. तिला मात्र आवाज पाहिजे होता, आणि ती मागत होती तर तिचं काय चुकलं?

"आण इकडे," मी म्हटलं. "तू वायर धर."

तिने वायर धरली. मी शर्टाचं टोक घेतलं, त्याच्यावर तोंडातली वाफ सोडली आणि भिंग पुसलं. फक्त भिंग. खाली पाठीवर जे होतं ते तसंच ठेवायचं माझ्या मनात होतं, पण तेल पसरतं. एका बोटाचा ठसा गेला, तर शेजारचाही पसरला. शर्टाच्या टोकाला पिवळं लागलं. मी ते टोक मुठीत धरलं. मला वाटलं होतं की आता तरी काही होईल. छातीत काही तुटेल, डोळे भरतील. काही नाही. पंखा फिरत होता.

"घे," मी म्हटलं.

या वेळी धरताक्षणीच कोड लागला. फोन थरथरला, जोडू का म्हणून विचारलं, तिने होकार दाबला. दोन्ही स्क्रीनवर एक रेघ आली आणि भरायला लागली.

"आता?"

"आता दोघांना जवळ ठेवायचं. स्क्रीन बंद होऊ द्यायची नाही, दुसरं काही उघडायचं नाही. आणि वायर सोडायची नाही."

तर आम्ही बसलो. करायला काही नाही आणि उठायचीही सोय नाही, असे आम्ही बापलेक ती आल्यापासून पहिल्यांदाच बसलो होतो. आल्यापासून ती कपाटं आवरत होती नाहीतर मी फेऱ्या मारत होतो. रेघ सावकाश भरत होती. वर्षांचं सामान होतं. मध्येच वायर हलली, चार्जिंगची खूण गेली, दोघंही एकदम "अरे अरे" करत वाकलो, डोकी आपटली. मी वायर परत दाबली. खूण आली. ती डोकं चोळत हसली आणि हसता हसता परत रडली.

"बाबा, तुम्हाला आईची आठवण नाही येत?"

"माहीत नाही," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं. "मला काहीच येऊन नाही राहिलं. नं आठवण, नं रडू. लाकूड झालं माझं."

यावर तिने काही सांत्वन केलं नाही, ते बरं केलं. वायरीवरच्या माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "दुसरा हात लावा, हा दुखत असेल."

रेघ भरली. नव्या फोनने झालं असं सांगितलं. मी विचारलं, "यातलं गेलं का मग?" ती म्हणाली, "गेलं नाही, यातही आहे. पण नंबर आता त्या फोनात चालू झाला, तर इथं आता उघडणार नाही." मी वायर सोडली. थोड्या वेळाने जुना फोन काळा झाला. त्याला मी परत डब्यात ठेवलं, रुमालावर, उलटं.

नव्या फोनात तिने आईची आणि तिची चॅट उघडली. उजवीकडे आईचे मेसेज, खाली खाली खाली, सगळे आवाजाचे. एक कुठलाही दाबला.

"अगं, ऐकून राहिली का? वांगी आणली तुझ्या बाबांनी, सगळी किडकी. बोलली तर म्हणतात, तूच जात जा. आता सांग, मी काय बोलू? बरं, तू लोणचं संपवलं का? नाही संपवलं तर..." आणि मागून, लांबून, घरातल्या घरातून एक माणूस ओरडतो, "किती वेळ फोनवर बोलून राहिली? चहा ठेव नं!" आणि ती, तोंड बाजूला करून, "आले, आले जी." मग परत पोरीला, हसत, "चल, साहेब बोलवून राहिले. ठेवते." संपलं.

तो ओरडणारा माणूस मी. तो आवाज माझा आहे हे कळायला मला एक क्षण लागला. म्हणजे मी होतो त्या फोनात. मागे, लांब, पण होतो. आणि तिने मला उत्तर दिलं होतं.

मुलगी उठली. "चहा ठेवते," म्हणाली आणि आत गेली. तोंड धुवायला गेली असणार. तिचा फोन तिच्या हातात होता.

मी नवा फोन हातात घेतला. तोच मेसेज परत ऐकायचा होता. त्रिकोण दाबायचा, तिने दाखवलं होतं. दाबला. परत वांगी, परत लोणचं, परत माझं ओरडणं, परत "आले, आले जी." आणि मग शांतता. मी फोन तसाच धरून बसलो, नीट, उजव्या हातात, अंगठा खाली कोपऱ्यात. तिथं काय आहे ते मला कोण सांगणार? मी तिच्याशी बोललो. मोठ्याने. कोणी ऐकत नाही असं समजून.

मग अंगठा सोडला आणि फोनमधून कसलासा बारीक आवाज आला.

स्वयंपाकघरात भांडं पडलं. मुलगी दारात आली, फोन पुढे धरून. चेहरा पांढराफटक. त्याच्यावर नाव होतं, आई. खाली एक नवीन आवाजाचा मेसेज.

"बाबा," ती म्हणाली. "आईचा आला."

तिलाही एक क्षण तेच वाटलं आणि मलाही. मी खोटं नाही सांगणार. एक क्षण माझ्या अंगात जान आली, हातापायात, गालात, सगळीकडे. मग माझ्या हातातला फोन दिसला, त्याच्यावर उजवीकडे तोच मेसेज नुकताच गेलेला, आणि सगळं कळलं.

तिने दाबला. आधी पंख्याचा आवाज. मग एक म्हातारा बोलतो, ज्याला मी ओळखत नव्हतो.

"चहा राहू दे गं. चहा नको मला. तू बोल. तू आपली बोलत राहा."

तेव्हा मात्र मला रडू आलं. टेबलावर डोकं टेकून, शर्टाचं ते पिवळं टोक तोंडावर घेऊन रडलो मी, पोरीसमोर. त्याला अजून बेसनाचा वास होता. ती माझ्या पाठीवर हात फिरवत उभी राहिली आणि आत चहा उतू गेला, त्याचा वास सगळ्या घरात पसरला.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "बाबा, चुकून गेला नं तुमचा? डिलीट करू?"

"राहू दे," मी म्हटलं. "तिच्याखालीच राहू दे."